चित्रप्रवाहांचा तक्ता: एका हट्टी रकान्याच्या नोंदी

कलेतिहासाच्या अभ्यासक्रमातलं एक घटक-प्रकरण एका तक्त्यात बसवायचं होतं. प्रबोधनकाळापासून घनवादापर्यंत अकरा प्रवाह आणि चार रकाने: कालखंड, वैशिष्ट्यं, तंत्र आणि ओळखण्याची खूण. परीक्षेत नाव झाकलेलं चित्र समोर येतं. प्रवाह सांगायचा आणि दोन कारणं द्यायची, तीही चित्रात दिसणारी. मला वाटलं होतं एका रविवारचं काम आहे. सतरा दिवस गेले. हाच तक्ता करायला बसणाऱ्याचे थोडे दिवस वाचावेत म्हणून या नोंदी.

३ जून

सकाळी प्रकरण वाचून रंगीत पेनांनी अधोरेखन केलं. दुपारी मोठ्या कागदावर तक्ता आखला आणि प्रकरणातली वाक्यं छोटी करून भरली. तीन तासांत अकराही ओळी भरल्या. तक्ता देखणा झाला होता, त्यामुळे संशयच आला नाही.

रात्री सहज खुणांचा रकाना वरून खाली वाचला. ‘प्रकाशाचा प्रभावी वापर’ हे शब्द पाच ओळींत होते: प्रबोधन, बरोक, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद. ‘भावनांचे उत्कट दर्शन’ तीन ठिकाणी. प्रकरण लिहिणाऱ्याची यात चूक नाही. तिथे प्रत्येक प्रवाहाचं स्वतंत्र वर्णन आहे आणि त्या त्या पानावर ते खरंच आहे. पण एकाखाली एक ठेवल्यावर पाच ओळींत बसणारा शब्द कुठल्याच ओळीचा राहत नाही. पेन्सिलीने वर्तुळं केली आणि झोपले.

४ जून

आज फक्त कालखंडाचा रकाना, कारण तो सोपा वाटला.

सरळ पट्टे लिहिले होते: एक प्रवाह संपला की दुसरा सुरू, जसं राजांच्या वंशावळीत असतं. फ्रागोनार आणि दावीद या फ्रेंच चित्रकारांच्या तारखा पाहिल्या आणि पट्टे मोडले. फ्रागोनारचं ‘झोका’ साधारण १७६७चं, अस्सल रोकोको. दावीदची ‘होराशियसच्या पुत्रांची शपथ’ १७८४ची, नव-अभिजात म्हणजे अगदी कडक नव-अभिजात. आणि फ्रागोनार वारला १८०६ मध्ये. म्हणजे दावीद गाजत होता तेव्हा फ्रागोनार त्याच शहरात, पॅरिसमध्ये, जिवंत होता. पुढेही तेच. अँग्रचं ‘ग्रांद ओदालिस्क’ १८१४चं आणि जेरिकोचा ‘मेदूसाचा तराफा’ १८१९चा. यात पाच वर्षांचं अंतर आणि दोन वेगळे प्रवाह.

म्हणून प्रत्येक ओळीत ‘सुमारे’ लावून पट्टा ठेवला, आणि त्याखाली एक खुंटीचं चित्र वर्षासकट लिहिलं. पट्टा विसरला तरी खुंटी आठवते.

इथेच एक ढोबळ चूक सापडली. उत्तर-दृक्प्रत्ययवादापुढे मी ‘१९१०’ लिहून बसले होते. १९१० हे नाव दिल्याचं वर्ष आहे: त्या वर्षी रॉजर फ्राय या कलासमीक्षकाने लंडनमध्ये प्रदर्शन भरवलं आणि हे नाव रूढ झालं. तोवर वॅन गॉग (१८९०), सरा (१८९१), गोगँ (१९०३), सेझान (१९०६) सगळे गेलेले होते. आपण उत्तर-दृक्प्रत्ययवादी आहोत हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. तेव्हापासून रकान्यात दोन गोष्टी वेगळ्या लिहिते: चित्रं कधीची आणि नाव कधीचं. दृक्प्रत्ययवादाचं मात्र बरं आहे. १८७४ ते १८८६ अशी आठ प्रदर्शनं झाली, दोन्ही टोकं पक्की.

दृक्प्रत्ययवाद म्हणजे इम्प्रेशनिझम. पुस्तकात पहिलं नाव, वर्गात सगळे दुसरं म्हणतात. तक्त्यात दोन्ही लिहा, नाहीतर ऐन वेळी ततपप होतं.

६ जून

पहिली चाचणी. तीस चित्रं छापली, मागे उत्तरं लिहिली. परीक्षार्थी म्हणून ताईला बसवलं. ती हिशेबनिसाचं काम करते, चित्रकलेशी संबंध शून्य. मला तेच हवं होतं, कारण माझ्या डोक्यात आधीच असलेलं ज्ञान तक्त्याची भोकं बुजवत होतं. ताईकडे फक्त तक्ता होता.

तीसपैकी तेरा बरोबर. ताई म्हणाली, “अगं, हा तक्ता ओळखायला नाही, ओळखल्यावर वाचायला चांगला आहे.” वाईट वाटलं, पण याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

चुका लिहून काढल्या. टर्नर गेला दृक्प्रत्ययवादात. डर्बीच्या जोसेफ राइटचं हवेच्या पंपाचं चित्र गेलं बरोकमध्ये. देगाच्या नर्तकी वास्तववादात, कारण ‘रोजच्या जीवनातले विषय’ मी तिथे लिहिलं होतं आणि ‘उघड्यावर रंगवलेली निसर्गदृश्यं’ दृक्प्रत्ययवादापुढे. तक्त्याप्रमाणे पाहिलं तर ताईने प्रत्येक वेळी योग्यच उत्तर दिलं होतं. चुकला तो तक्ता.

७ जून

पूर्ण दिवस एकाच चुकीवर घालवला, टर्नरच्या. तो वाया गेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ताईने ओळखायला घेतलेलं चित्र: टर्नरचं ‘पाऊस, वाफ आणि वेग’, १८४४. माझी खूण होती ‘धूसर कडा, मोकळे फटकारे, प्रकाश व वातावरणावर भर’. चित्रात हे सगळं आहे. पण दृक्प्रत्ययवाद्यांचं पहिलं प्रदर्शन त्यानंतर तीस वर्षांनी. मोने तेव्हा तीन-चार वर्षांचा होता.

शेजारी ठेवायला मोनेचं ‘सँ-लाझार स्थानक’ घेतलं, १८७७चं. मुद्दाम, कारण दोन्हीकडे आगगाडी आणि वाफ आहे. विषय सारखा असला की तो कारण म्हणून वापरता येत नाही, मग डोळ्याला रंगाकडेच बघावं लागतं. ही युक्ती पुढे प्रत्येक जोडीला वापरली.

तासभर नुसतं बघितल्यावर फरक असे दिसले. टर्नरकडे वाफ, पाऊस आणि पूल यांच्यात सीमाच नाही. पिवळसर-तपकिरी प्रकाशाने सगळं गिळलंय आणि त्यातून गाडीचं काळं तोंड तिरक्या पुलावरून आपल्या अंगावर येतं. रंग कुठे पातळ पुसल्यासारखा, कुठे जाड चोपडलेला. फटकारा वेगळा मोजता येत नाही. आणि चित्र काहीतरी ‘घडतंय’ असं सांगतं: निसर्ग विरुद्ध यंत्र, रुळांवर गाडीपुढे पळणारा एक पुसट ससासुद्धा आहे. (छोट्या छपाईत तो दिसत नाही, मी अर्धा तास शोधला.)

मोनेकडे वाफ निळी आणि जांभळट, आणि ती सुट्या सुट्या फटकाऱ्यांची. बोट ठेवून ‘हा एक, हा दुसरा’ म्हणता येतं. वाफेमागचं छत, लोखंडी तुळया, त्रिकोण जागच्या जागी आहेत, काहीही गिळलेलं नाही. सावल्या काळ्या किंवा तपकिरी नसून रंगीत आहेत. आणि नाट्य काहीच नाही. गाडी उभी आहे, माणसं उभी आहेत, एक साधी दुपार.

यातून खुणेची व्याख्या सापडली, ती तक्त्याच्या डोक्यावर लाल शाईने लिहिली: खूण म्हणजे चित्रात जिथे बोट ठेवता येतं ते, आणि जे शेजारच्या ओळीत नाही ते. ‘वातावरणावर भर’ यावर बोट ठेवता येत नाही. ‘सावलीत निळा-जांभळा, फटकारे सुटे’ यावर येतं.

जुनी ओळ खोडून नवी लिहिली:

दृक्प्रत्ययवाद: सावलीत रंग (निळा, जांभळा), काळा जवळपास नाही, आखूड सुटे फटकारे, ओल्या रंगावर ओला रंग, काठावर आकृत्या अर्धवट कापलेल्या, प्रसंग नाही, क्षण आहे. टर्नरशी गोंधळ झाल्यास: फटकारा मोजता येतो का?

तो शेवटचा प्रश्न लिहिताना लक्षात आलं की पाचवा रकाना लागणार. ‘कशाशी गोंधळ’. कागदात जागा नव्हती. तक्ता पुन्हा आखला, दीड तास.

९ जून

वैशिष्ट्यं आणि तंत्र या रकान्यांत तेच तेच पडत होतं. ‘ठळक फटकारे’ दोन्हीकडे. आज त्यांची हद्द आखली: हातांनी, साहित्याने काय केलं ते तंत्रात, त्यामुळे चित्र कसं झालं ते वैशिष्ट्यांत. लिओनार्दोचं स्फुमातो म्हणजे पातळ थरांवर थर देऊन कडा विरवणं, ते तंत्रात. मोनालिसाच्या ओठांचे कोपरे कुठे संपतात ते कळत नाही, हे वैशिष्ट्यांत.

तंत्राचा रकाना नीट भरल्यावर खुणा आपोआप समजायला लागल्या, हे अनपेक्षित होतं. १८४१ मध्ये कथलाच्या नळीत भरलेल्या तैलरंगाचं पेटंट निघालं. त्याआधी रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवत, ती एकदा टोचली की रंग फार टिकत नसे. त्याच शतकात कुंचल्याला धातूची पट्टी बसवता येऊ लागली आणि केस चपटे दाबून चपटा कुंचला तयार झाला. गोल कुंचल्याचा फटकारा टोकाला निमुळता होतो, चपट्याचा चौकोनी तुकडा पडतो. मोनेच्या पाण्यावर जे आखूड आडवे तुकडे दिसतात ते हेच. खूण पाठ करावी लागली नाही, कारण ती कशामुळे पडली ते कळलं.

‘उघड्यावर रंगवलेलं’ हे मात्र खुणांतून काढून तंत्रात टाकलं, तेही ‘बहुतेकदा’ लावून. चित्र बघून ते कुठे बसून काढलं हे सांगता येत नाही. मोनेच्या १८७०च्या त्रुव्हिलच्या किनाऱ्याच्या एका चित्रात रंगात वाळूचे कण अडकलेले सापडले आहेत, पण परीक्षेत भिंग मिळत नाही. शिवाय देगा आठपैकी सात प्रदर्शनांत होता आणि उघड्यावर बसून रंगवण्याची त्याला चीड होती. ताईची देगाची चूक याच खुणेने घडवली होती. त्याला पकडणारी खूण वेगळी: कापलेल्या काठाची. नर्तकीचा अर्धा पाय चौकटीबाहेर, मध्यभागी रिकामी जमीन.

११ जून

आजचा दिवस फुकट गेला, आणि रंगीत शाईसुद्धा.

नवीन कार्डं छापली, हाताच्या तळव्याएवढी. सराच्या ‘ग्रांद जात बेटावरचा रविवार’ला ताईने ठामपणे ‘नव-अभिजात’ म्हटलं. मी वैतागले, “अगं ठिपके बघ ना!” ती म्हणाली, “कुठले ठिपके?” कार्ड हातात घेतलं. ठिपके नव्हते.

मूळ चित्र सुमारे २०७ बाय ३०८ सेंटिमीटरचं. माझं कार्ड पंधरा सेंटिमीटर रुंद, म्हणजे वीस पटींनी लहान. मूळ चित्रातला पाच मिलिमीटरचा ठिपका कार्डावर पाव मिलिमीटर होतो आणि छपाईच्या स्वतःच्या ठिपक्यांत विरघळतो. मग उरतं काय? बाजूने दिसणारी ताठ माणसं, गुळगुळीत पृष्ठभाग, मोजून मापून केलेली मांडणी. ताईने जे दिसलं त्यावरून उत्तर दिलं.

दुरुस्ती: प्रत्येक कार्डावर दोन चित्रं. वर पूर्ण चित्र आणि खाली त्याच चित्रातला तळहाताएवढा तुकडा मूळ आकारात. संग्रहालयं आपापल्या संकेतस्थळांवर मोठ्या प्रती ठेवतात, त्यांत चित्राचं मापही दिलेलं असतं. त्यावरून तुकडा केवढा कापायचा ते काढता येतं. चाळीस चित्रांना दोन संध्याकाळी लागल्या. तुकडा कुठला कापायचा हा निर्णयही महत्त्वाचा. चेहरा घेऊ नका, चेहऱ्यावर सगळेच चित्रकार जास्त काळजीने काम करतात. सावलीचा कोपरा किंवा कापडाची घडी घ्या.

दुसरी खोट छपाईच्या रंगाची. माझ्या कार्डांवर सगळं लालसर आलं होतं, त्यामुळे दोन साधी निसर्गचित्रं भडक रंगांसाठी ओळखल्या जाणाऱ्या फॉविझममध्ये गेली. त्यावर उपाय सापडला नाही. पडद्यावर उघडून ताडून पाहिलं, आणि ‘फक्त रंगावरून निर्णय नको’ असं तक्त्याच्या खाली लिहिलं.

१३ जून

उत्तर-दृक्प्रत्ययवादाची ओळ आज तोडली. तीन वेळा लिहून पाहिली, प्रत्येक वेळी खूण इतकी सैल झाली की काहीही आत यावं. मग कळलं की ही एक शैली नाहीच. फ्रायला या सगळ्यांना एकत्र म्हणायला एक शब्द हवा होता, त्याने ‘नंतरचे’ म्हटलं. त्यामुळे एका ओळीच्या चार पोटओळी केल्या. इथे चित्रकाराचं नाव हीच ओळ, दुसरा इलाज नाही.

सेझान: तिरक्या समांतर फटकाऱ्यांच्या पट्ट्या, फळं ठोकळ्यासारखी घट्ट. आणि एक हमखास खूण: टेबलावरच्या कापडाच्या डावीकडे टेबलाची कड जिथे आत जाते, त्याच उंचीवर ती उजवीकडून बाहेर येत नाही. पट्टी ठेवून बघा.

वॅन गॉग: रंग जाड, आणि फटकारा वस्तूच्या वळणाने जातो. सायप्रसवर वर चढणारा, शेतात आडवा, आभाळात गोल. मोनेचे फटकारे प्रकाशाचे तुकडे असतात, याचे फटकारे वस्तूचा ओघ असतात.

गोगँ: सपाट रंगाचे मोठे तुकडे, त्यांना गडद बाह्यरेषा, सावली जवळपास नाही. ‘प्रवचनानंतरचं दर्शन’ (१८८८) मध्ये जमीन चक्क लाल आहे.

सरा: ठिपके, पण ठिपके दिसले नाहीत तरी ताठ बाजूदर्शक आकृत्या, आणि पुष्कळदा चित्राला ठिपक्यांचीच रंगीत किनार.

ताईवर या चार पोटओळी आठ कार्डांनी तपासल्या. सात बरोबर. चुकलं ते पिसारोचं. १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षं त्याने सरासारखे ठिपके देऊन पाहिले, आणि हाच पिसारो दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठही प्रदर्शनांत होता. म्हणजे चित्रकाराचं नाव ओळखलं तरी प्रवाह ओळखला असं होत नाही. कार्ड तसंच ठेवलं, सापळा म्हणून.

ओळ अशी तोडल्याचा एक फायदा झाला. फॉविझमची ओळ गोगँखाली आणि घनवादाची सेझानखाली सरळ बसली. फॉविझमसाठी मातीसचं ‘हिरवी रेघ’ (१९०५) घेतलं. कपाळापासून नाकावरून खाली हिरवा पट्टा, एक गाल पिवळसर, दुसरा गुलाबी. जिथे इतर चित्रकार सावली देतील तिथे याने रंग बदलला. त्यामुळे खूण ‘भडक रंग’ नाही, ‘सावलीच्या जागी दुसरा रंग’ ही. भडक रंग तर झोक्यावरच्या बाईच्या गुलाबी झग्यातही आहे.

१५ जून

राइटचं हवेच्या पंपाचं चित्र (१७६८) आणि बरोक. इथे मी हरले, तेही लिहून ठेवते.

बरोकची खूण होती ‘काळी पार्श्वभूमी, एका बाजूचा तीव्र प्रकाश’. राइटकडे नेमकं तेच. फरक शोधताना वाटलं सापडला: काराव्हाज्जोच्या ‘संत मॅथ्यूला बोलावणं’ (१५९९–१६००) मध्ये उजेड चौकटीबाहेरून तिरका येतो, आणि राइटच्या चित्रात तो टेबलावरच्या भांड्यामागून येतो. खुशीत लिहून टाकलं ‘बरोक: उजेडाचा उगम चित्रात नाही’. मग झॉर्झ द ला तूर आठवला. तो पक्का सतराव्या शतकातला, आणि त्याच्या चित्राच्या मध्यभागी मेणबत्ती पेटलेली. खूण खोडली.

पोशाखावर जायचा मोह झाला. राइटच्या चित्रातले कपडे अठराव्या शतकातले आहेत, ते खरंच मदत करतात. पण पोशाख एकाच दिशेने सांगतो: चित्र याच्या आधीचं नाही. नंतरचं असू शकतं. दावीदच्या होराशियस बंधूंच्या अंगावर रोमन वस्त्रं आहेत आणि चित्र १७८४चं आहे. ताईला हे आवडलं. म्हणाली, “पावतीवरच्या तारखेसारखं. माल त्यानंतर कधीही पोचू शकतो.”

शेवटी बरोकची खूण प्रकाशावरून काढून मांडणीवर नेली: तिरका कर्ण, आणि कृतीचा मधला क्षण, हात उगारलेला, मान वळलेली. राइटसाठी ‘गोंधळ’ रकान्यात सरळ त्याचं नाव लिहिलं, ‘विषय प्रयोगाचा, कपडे अठराव्या शतकातले’. अपवाद नावानिशी पाठ करायचा. सगळ्याला नियम मिळत नाही.

रोकोको आणि नव-अभिजात यांना अर्धा तास पुरला. फ्रागोनार आणि दावीद शेजारी ठेवले की ताईसुद्धा चुकत नाही: एकीकडे वळणं आणि पालवी, दुसरीकडे कमानींसमोर सरळ रेषेत उभी माणसं आणि पुसून गुळगुळीत केलेला रंग.

१७ जून

घनवादापुढे मी ‘घनाकृती’ लिहिलं होतं. नावच तसं आहे. ताई प्रत्येक चित्रात घन शोधत बसली आणि पिकासोच्या १९११च्या चित्राला ‘घन नाहीत, म्हणजे घनवाद नाही’ म्हणाली. तिचं बरोबर होतं, घन नव्हतेच. नाव पडलं १९०८मध्ये ब्राकच्या निसर्गचित्रांवरच्या एका टीकाकाराच्या शेऱ्यातून, आणि त्या चित्रांतली घरं खरंच ठोकळ्यांसारखी आहेत. तीन वर्षांत ठोकळे फुटून पातळ तिरके पैलू झाले, नाव तेच राहिलं.

प्रवाहाच्या नावावरून खूण लिहू नये, हा धडा. बरीच नावं टीकाकारांनी चिडवायला दिलेली आहेत.

या ओळीच्याही दोन केल्या. पहिली, साधारण १९१२पर्यंतची: तपकिरी-राखाडी, वस्तू पैलूंत फुटलेली, मध्यभागी दाट आणि कडांकडे विरत जाणारी, मधूनच छापील अक्षरं. या काळातला पिकासो की ब्राक हे विचारलं तर नाव टाळा, फक्त प्रवाह सांगा. दोघांची चित्रं मुद्दाम सारखी आहेत. दुसरी, १९१२नंतरची: मोठे सपाट तुकडे, रंग परत आलेला, आणि चिकटवलेल्या खऱ्या वस्तू. खुंटी म्हणून पिकासोचं ‘वेताच्या खुर्चीसह स्थिरचित्र’ (१९१२). त्यातलं वेताचं विणकाम रंगवलेलं नाही, विणकामाचं चित्र छापलेलं मेणकापड चिकटवलेलं आहे, आणि चौकटीच्या जागी दोरखंड. इथे बोट ठेवायला सांगावंच लागत नाही.

१९ जून

दुसरी चाचणी, चाळीस कार्डं, त्यांतली बरीचशी ताईने आधी न पाहिलेली. एकतीस बरोबर. मुख्य म्हणजे कारणं देताना तिने ‘वाटतंय’ हा शब्द दोनदाच वापरला, बाकी वेळी बोट ठेवलं.

नऊ चुकांपैकी चार मॅनरिझमच्या, म्हणजे प्रबोधन आणि बरोक यांच्या मधल्या प्रवाहाच्या. पार्मिज्यानिनोची लांब मानेची मादोना ती लगेच ओळखते, मान लांब असली की झालं. पण मान लांब नसली की तीच चित्रं प्रबोधनकाळात जातात. नवी खूण लिहिली आहे, ‘माणसं कशावर उभी आहेत ते दाखवता येतं का?’ पोन्तोर्मोच्या क्रूसावरून उतरवण्याच्या चित्रात माणसांचा गुंता आहे आणि पायाखाली जमीन जवळपास नाही. खूण फक्त त्याच एका चित्राला चालते की इतरांनाही, ते अजून पुरेशा कार्डांवर तपासलेलं नाही, म्हणून ती पेन्सिलीत आहे.

दोन चुका एदुआर माने या चित्रकाराच्या. तो आठांपैकी एकाही प्रदर्शनात नव्हता, त्याचा काळा रंग ठणठणीत काळा आहे, आणि तरी पुस्तक त्याला दृक्प्रत्ययवादाच्या पानावर ठेवतं. त्याला वास्तववाद आणि दृक्प्रत्ययवाद यांच्या मधल्या रेघेवर लिहिलं, शब्दशः रेघेवर, अर्धं नाव वर आणि अर्धं खाली. उरलेल्या तीन चुका लाल छपाईच्या, ती कार्डं फाडली.

आता तक्ता दोन कागदांचा झालाय, कारण अकरा ओळींच्या पंधरा झाल्या: उत्तर-दृक्प्रत्ययवादाच्या चार आणि घनवादाच्या दोन. मधोमध चिकटपट्टी. मॅनरिझमच्या ओळीत खोडाखोड इतकी आहे की तो भाग नवीन कागदावर लिहून वरून डकवावा लागेल. त्याआधी पोन्तोर्मोची आणखी पाच-सहा चित्रं मूळ आकारात कापून घ्यायची आहेत. ताईला शनिवारी सुट्टी आहे.